मदत हवी आहे: नवरा मस्कतला असताना राहिलेला गर्भ, पोटगीची नोटीस आणि डीएनए

कागलकर_प्र (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चुलत भावासाठी विचारतोय, तो मस्कतला नोकरीला आहे. नावं घेत नाही, आणि वहिनींबद्दल वेडंवाकडं कुणी लिहू नये ही विनंती.

लग्न 2020 चं. 2022 ला गणपतीसाठी तो 27 ऑगस्टला आला आणि 22 सप्टेंबरला परत गेला. त्यानंतर थेट 15 जुलै 2023 ला आला. मुलगा 2 जुलै 2023 ला गडहिंग्लजला, वहिनींच्या माहेरी, खासगी दवाखान्यात झाला. बारशाला भाऊ हजर होता, जन्मदाखल्यावर बाप म्हणून त्याचंच नाव आहे. गेल्या वर्षी जूनपासून वहिनी माहेरी आहेत. आता गडहिंग्लज कोर्टातून त्यांच्या आणि मुलाच्या पोटगीची नोटीस आली आहे, पुढची तारीख महिन्याभरात.

मागच्या रजेत भावाने वहिनींना न सांगता मुलाचे केस आणि स्वतःची लाळ एका खासगी लॅबला पाठवली. रिपोर्टात पितृत्वाची शक्यता 0 टक्के आली आहे.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. हा रिपोर्ट लावला तर मुलाची पोटगी थांबेल का? कायद्यात 280 दिवस आहेत म्हणतात, भाऊ गेल्यापासून जन्मापर्यंत मी मोजले तर 283 भरतात, म्हणजे कायदा आमच्या बाजूने आहे का? आणि कोर्ट डीएनए चाचणीचा हुकूम देतं का? घरातल्या फाइलमध्ये वहिनींच्या सोनोग्राफीची एक झेरॉक्स आहे, 22 नोव्हेंबर 2022 ची, त्यावर 8 आठवडे 2 दिवस असं लिहिलंय. तिचा काही उपयोग आहे का?

---

तांबडा_रस्सा

भावा, 280 ओलांडले म्हणजे विषयच संपला की. कायद्यात स्पष्ट आकडा हाय. वर डीएनए 0 टक्के. दोन्ही कागद लावा आणि पोटगी बंद करा. विज्ञानापुढं कोर्ट काय बोलणार?

---

बावडा_वकील

तांबडा_रस्सा, रागावू नका, पण हे ऐकून कुणी पोटगी बंद केली तर वसुलीचं वॉरंट निघेल. म्हणून आधी 280 चा घोळ सोडवतो.

तो आकडा नवरा गावाहून गेल्यापासून मोजायचा नसतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 112, म्हणजे आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 चं कलम 116, दोन प्रसंग धरतं. पहिला, मूल लग्न चालू असताना जन्मलं. दुसरा, लग्न संपल्यावर, म्हणजे घटस्फोटाने किंवा नवऱ्याच्या मृत्यूने संपल्यावर, 280 दिवसांच्या आत जन्मलं आणि आईने मधे दुसरं लग्न केलेलं नाही. 280 फक्त या दुसऱ्या प्रसंगात येतो. तुमच्या भावाचं लग्न 2 जुलै 2023 ला चालू होतं, तेव्हा तो आकडा इथे लागूच नाही. 283 भरले म्हणून तुमचा फायदा नाही, आणि 270 भरले असते तरी तेवढ्यावर तोटा झाला नसता.

लग्न चालू होतं एवढं सिद्ध झालं की मूल नवऱ्याचं औरस, हा निर्णायक पुरावा ठरतो. हे साधं गृहीतक नाही. साध्या गृहीतकाविरुद्ध कसलाही पुरावा देता येतो. निर्णायक पुरावा म्हटल्यावर त्याविरुद्ध पुरावा कोर्ट घेतच नाही, आणि कायद्याने दार एकच ठेवलंय: गर्भ राहू शकला असता अशा सगळ्या काळात नवरा-बायकोला एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे दाखवा. संधी हा शब्द नीट धरा. प्रत्यक्ष संबंध आले नाहीत, आम्ही बोलत नव्हतो, ती माहेरी होती, हे सगळं अपुरं. नवरा कागलात आणि बायको गडहिंग्लजला असती तर एसटीने जाता येतं, संधी होती, दार बंद. तुमच्या भावाच्या बाबतीत मात्र तो देशाबाहेर होता, म्हणून हे दार उघडण्याची खरी शक्यता आहे.

आता खासगी रिपोर्ट. 2023 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या फिरोदिया प्रकरणात निकाल दिला. त्या नवऱ्याकडेही खासगी लॅबचा असाच रिपोर्ट होता, आणि कौटुंबिक न्यायालय व उच्च न्यायालय दोघांनी डीएनए चाचणीचा हुकूम दिलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारण नवऱ्याने एकत्र येण्याची संधी नव्हती असं म्हटलंच नव्हतं. 2001 च्या कामती देवी निकालात तर असं आहे की गर्भधारणेच्या काळात दोघं एकत्र राहत असतील तर डीएनएने बाप दुसरा निघाला तरी गृहीतक मोडत नाही.

तेव्हा भावाला सांगा, रिपोर्ट बाजूला ठेव, आधी तारखा. पासपोर्ट आणि ती सोनोग्राफी हे त्याचे खरे कागद आहेत. सोनोग्राफीचं गणित इथले डॉक्टर सांगतील तर बरं.

---

डॉ_राजारामपुरी

सांगते. 8 आठवडे 2 दिवस म्हणजे 58 दिवस. पण डॉक्टर गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, गर्भ राहिल्यापासून नाही. 22 नोव्हेंबरमधून 58 दिवस मागे गेलं की 25 सप्टेंबर 2022 येतो. गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, म्हणजे 9 ऑक्टोबरच्या आसपास. 25 सप्टेंबर ते 2 जुलै बरोबर 280 दिवस, पूर्ण 40 आठवडे, त्यामुळे जन्मतारीखही याला जुळते.

पहिल्या तिमाहीत गर्भाच्या लांबीवरून काढलेलं वय पाच ते सात दिवस इकडे-तिकडे होऊ शकतं. म्हणजे गर्भधारणा फार तर 2 ऑक्टोबरपर्यंत मागे नेता येईल. पुरुषबीज शरीरात जास्तीत जास्त पाच दिवस टिकतं. 22 सप्टेंबरला निघालेल्या माणसाचं बीज 27 पर्यंत. मधे पाच दिवसांची फट उरते.

पण ही फट फक्त त्या एका लवकरच्या सोनोग्राफीमुळे दिसते. ती नसती तर केवळ जन्मतारखेवरून मी छातीठोकपणे काही सांगितलं नसतं. 22 सप्टेंबरला गर्भ राहिला आणि बाळ 42 आठवड्यांच्या थोडं पुढे जन्मलं, हे क्वचित पण घडतं. बाळाच्या वजनावरून काही ठरत नाही. सहाव्या-सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत दोन-तीन आठवड्यांची चूक सहज असते, तिच्यावर वय ठरवू नये. आणि झेरॉक्सवरचे 8 आठवडे 2 दिवस मोजमापावरून आले की पेशंटने सांगितलेल्या पाळीच्या तारखेवरून, हे आधी बघा. दोन्ही आकडे वेगवेगळे छापलेले असतात. त्यातला मोजमापाचा महत्त्वाचा.

---

कागलकर_प्र

डॉक्टर मॅडम, मनापासून आभार. झेरॉक्सवर दोन्ही आहेत, मोजमापाचा 8 आठवडे 2 दिवस आणि पाळीवरून 8 आठवडे 4 दिवस.

वकीलसाहेब, बारशाला हजर होता आणि जन्मदाखल्यावर सही केली याने काही अडतं का? वहिनींकडे पासपोर्ट नाही, कधी काढलाच नाही.

---

गारगोटीची_सून

मलाही असंच विचारायचं आहे. माझे मालक 2019 ला वारले. तोवर आम्ही एकाच घरात राहत होतो, मुलगा 2015 चा. आता सातबाऱ्यावर वारस नोंद लावताना दीर म्हणतात मुलगा आमच्या भावाचा नव्हे, डीएनए करा. तलाठ्यांकडे त्यांनी हरकत घेतली आहे. मला चाचणी करावी लागेल का? घरात सगळे घाबरवतात.

---

सांगली_दिवाणी

ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे आणि तुमची बाजू भक्कम आहे. गृहीतक दिरांनाही तितकंच बांधतं. त्यांना सिद्ध करावं लागेल की 2014-15 मध्ये त्यांच्या भावाला तुमच्याकडे येण्याची संधीच नव्हती. एकाच घरात राहत होता म्हटल्यावर ते होणार नाही. शिवाय औरस-अनौरस हा निर्णय तलाठी किंवा मंडळ अधिकारी देऊ शकत नाहीत, त्यांच्यापुढे फक्त हरकतीची सुनावणी होते. वारसाहक्काचा वाद दिवाणी न्यायालयातच. हरकतीला लेखी उत्तर द्या, सोबत लग्नाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला, त्या वर्षांचं रेशन कार्ड आणि मतदार यादीतली दोघांची नावं जोडा. कुणाच्या सांगण्यावरून चाचणीला संमती मात्र लिहून देऊ नका.

---

गारगोटीची_सून

देव तुमचं भलं करो दादा. उद्याच उत्तर लिहून घेते.

---

बावडा_वकील

सांगलीकरांनी बरोबर सांगितलं.

कागलकर, बारसं आणि जन्मदाखला यांनी भावाचा हक्क मारला जात नाही, पण उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येणार: तारखा तेव्हाही माहीत होत्या, मग अडीच वर्षं गप्प का? भावाने याचं खरं उत्तर तयार ठेवावं. आणि व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मागणार असेल तर दुसरी अडचण आहे. सगळं कळल्यावरही तो वहिनींसोबत राहिला असेल तर कोर्ट म्हणेल तू माफ केलंस. नेमकं कधी कळलं ती तारीख त्यामुळे फार महत्त्वाची.

पुराव्याची पातळीही लक्षात घ्या. साध्या दिवाणी दाव्यात ज्याचं पारडं जड तो जिंकतो. इथे तेवढ्यावर भागत नाही. फौजदारी खटल्याइतका नसला तरी पारडं जड होण्यापेक्षा भक्कम पुरावा नवऱ्याने द्यायचा, असं कामती देवी निकालात आहे. म्हणून पासपोर्टच्या फक्त शिक्क्यांच्या पानांची झेरॉक्स लावू नका. मूळ पासपोर्ट कोर्टात दाखवा आणि कोऱ्या पानांसकट सगळ्या पानांची प्रत द्या. मस्कत-मुंबई विमान तीन तासांचं, समोरचे वकील म्हणणारच की हा मधे दोन दिवस येऊन गेला. कोरी पानं त्याचं उत्तर देतात. मधे पासपोर्ट बदलला असेल तर जुनाही लागेल. शंका उरली तर कोर्टामार्फत इमिग्रेशन ब्यूरोकडून ये-जा नोंद मागवता येते, ती सगळ्यात पक्की. कंपनीचं नुसतं पत्र पुरत नाही, ते देणाऱ्याची साक्ष व्हावी लागते. व्हिडिओद्वारे साक्षीसाठी अर्ज करता येतो. विमानाच्या तिकिटाचा ईमेल लावायचा तर कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, दोन भागांचं, त्यातला एक भाग तज्ज्ञाने भरायचा. बरेचजण पहिलाच भाग लावतात आणि कागद अडकतो.

वहिनी भारताबाहेर गेल्या नाहीत हेही मांडायला विसरू नका. नवरा इथे नव्हता हा अर्धा भाग झाला, बायको तिकडे गेली नव्हती हा उरलेला अर्धा.

---

पुणे_लॅबमधला

खासगी चाचणीबद्दल थोडं. केस कापलेले होते की मुळासकट उपटलेले? पितृत्वासाठी लागणारा डीएनए केसाच्या मुळाशी असतो. नुसत्या कापलेल्या केसातून सहसा मिळत नाही, आणि कुणाच्या तरी त्वचेचा कण चिकटलेला असेल तर चाचणी त्याचीच होते. आईचा नमुनाही नव्हता. रिपोर्टात किती ठिकाणी विसंगती आहे ते बघा. एखाद्या ठिकाणची विसंगती बाप-मुलात नैसर्गिक बदलाने येऊ शकते, लॅब त्यावर बाप नाही असं म्हणत नाही.

कोर्टाच्या हुकुमाने होते तेव्हा आई, मूल, पुरुष तिघं एका वेळी हजर राहतात. फोटो लावलेला ओळखीचा फॉर्म, अंगठे, सीलबंद नमुने, मग सरकारी प्रयोगशाळा. घरी केलेल्या चाचणीत नमुना कुणाचा हेच सिद्ध करता येत नाही. उद्या भावाला विचारतील, हे केस याच मुलाचे कशावरून?

---

कागलकर_प्र

केस कापलेलेच होते म्हणाला, झोपेत. रिपोर्टात किती ठिकाणी ते बघून सांगतो.

मग कोर्टाकडूनच चाचणी मागितली तर? वहिनींनी नकार दिला तर कोर्ट आमच्या बाजूने धरेल असं एकाने सांगितलं.

---

सांगली_दिवाणी

धरू शकतं. 2014 च्या दीपन्विता रॉय निकालात सर्वोच्च न्यायालयाने चाचणीचा हुकूम कायम ठेवला आणि म्हटलं की बायकोने नकार दिला तर तिच्याविरुद्ध अनुमान काढता येईल. मी तर म्हणेन अर्ज पहिल्याच तारखेला करा. हुकूम झाला तर तडजोडही लवकर होते.

---

बावडा_वकील

इथे माझं मत वेगळं आहे. रॉय प्रकरणात नवऱ्याने संधी नव्हती असं शपथेवर मांडलं होतं. फिरोदिया निकालाने नेमका तोच फरक दाखवला, आणि मुलाच्या हितासाठी आई नकार देत असेल तर त्यावरून प्रतिकूल अनुमान काढू नये असंही म्हटलं. रॉय निकालातलं अनुमानही बायकोच्या व्यभिचारापुरतं आहे, मूल अनौरस ठरवण्यासाठी नाही. म्हणून पहिल्याच तारखेला कोरडा अर्ज केला तर तो फेटाळला जाण्याची शक्यता जास्त. मी आधी कैफियत देईन, त्यात तारखांसकट संधी नव्हती हे स्वच्छ लिहीन, पासपोर्ट दाखल करीन, भावाची सरतपासणी करीन आणि मग अर्ज करीन. गौतम कुंडू निकालापासून, म्हणजे 1993 पासून, न्यायालयं हेच विचारतात: प्रथमदर्शनी भक्कम प्रकरण आहे का, की नुसतं चाचपडून बघायचंय?

---

सांगली_दिवाणी

मान्य, पण तोवर वर्ष जातं आणि अंतरिम पोटगी चढत राहते. 2014 च्याच नागपूरच्या बडवाईक प्रकरणात डीएनए दोनदा झाला, आणि सर्वोच्च न्यायालय म्हणालं की शास्त्र समोर असताना गृहीतकाला चिकटून राहता येणार नाही, मुलीची पोटगी नवऱ्यावर नाही. डीएनए एकदा अभिलेखावर आला की चित्र बदलतं, माझा मुद्दा एवढाच.

---

बावडा_वकील

त्यातही नवऱ्याने संपर्क नव्हता हे सुरुवातीपासून मांडलं होतं. आपल्या दोघांचं यावर एकमत व्हायचं नाही, आणि खालची न्यायालयंही दोन्ही तऱ्हेचे हुकूम देतात. अर्ज फेटाळला किंवा मंजूर झाला तरी पुढची पायरी आता मुंबई नाही, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्याच सर्किट बेंचपुढे रिट लावता येते. अंतरिम पोटगी मात्र भावाने भरायचीच. गृहीतक मोडेपर्यंत मूल त्याचं.

---

तांबडा_रस्सा

280 चं माझं चुकलं, समजलं. पण एक सांगा, पासपोर्ट आणि सोनोग्राफी दोन्ही पक्कं असेल तर डीएनए लागतो तरी कशाला?

---

बावडा_वकील

चांगला प्रश्न आहे. तारखांनी संधी नव्हती हे पूर्ण सिद्ध झालं तर डीएनए नसला तरी गृहीतक मोडतं, कायद्यात तशी अट नाही. व्यवहारात फट पाच दिवसांची असेल तर न्यायाधीशांना आधार हवासा वाटतो, तेव्हा तो उपयोगी पडतो. नुसता डीएनए आणि संधी मात्र होती, तर सहसा उपयोग नाही.

---

डॉ_राजारामपुरी

वकीलसाहेब, त्या झेरॉक्सवर कोर्ट विसंबेल का? समोरचे म्हणतील ही यांचीच कशावरून.

---

बावडा_वकील

नाही विसंबणार, म्हणूनच घाई करायला सांगतो. सोनोग्राफी केंद्राकडे एफ फॉर्म असतो, त्यात पेशंटचं नाव, पाळीची तारीख, गर्भाचे आठवडे. पण तो दोन वर्षंच जपायचं बंधन आहे, म्हणजे नोव्हेंबर 2024 ला ते संपलं. केंद्राने अजून ठेवला असेल तर नशीब. प्रसूतीच्या दवाखान्यातले केसपेपर डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचे असतात, म्हणजे येत्या जुलैपर्यंत. त्यांत दाखल करताना नोंदवलेले आठवडे आणि बहुतेक वेळा आधीच्या सोनोग्राफीचा उल्लेख असतो. तिसरी जागा म्हणजे आशाताईंनी काढलेलं माता-बाल संरक्षण कार्ड. ते वहिनींकडे असेल, हजर करण्याचा हुकूम मागता येतो.

दवाखाना हे कागद भावाच्या हातात देणार नाही आणि देऊही नये, पेशंट वहिनी आहेत. कैफियतीसोबतच दोन्ही ठिकाणचे कागद हजर करण्यासाठी साक्षीसमन्सचा अर्ज लावा. तो निकाली लागेपर्यंत कागद नष्ट करू नयेत अशी वकिलामार्फत नोटीस दोन्ही दवाखान्यांना या आठवड्यातच स्पीड पोस्टाने पाठवा.

---

माळ्यावरची_मैना

कायदा मला फार कळत नाही, महिला समुपदेशनात काम करते. एक विचारू का कागलकरदादा? भावाला लग्न मोडायचं आहे की मूल आपलं नाही असा शिक्का कोर्टाकडून हवा आहे? दोन्ही एकच नाहीत. परस्पर संमतीने वेगळं होताना मुलाचा प्रश्न कोर्टात न काढता ठरवता येतो. अडीच वर्षांच्या पोराच्या नावापुढे एकदा काही लागलं की शाळेपासून जमिनीपर्यंत ते मागे लागतं.

---

बावडा_वकील

हा प्रश्न भावाला नक्की विचारा. मूल अनौरस असं जाहीर करून मागायचं असेल तर मुलाला स्वतंत्र पक्षकार करून त्याच्यासाठी पालक नेमावा लागेल, त्याचं म्हणणं न ऐकता तसा निर्णय होऊ नये. नुसता घटस्फोट हवा असेल तर तिथवर जायची गरज नाही. पण पोटगीचा अर्ज समोर आहे म्हणून मुलाची बाजू आपोआप टळत नाही. परस्पर संमतीत मुलाची पोटगी मान्य करून पुढे वाद नको असं लिहून दिलं तर नंतर फिरता येणं अवघड होईल, हे त्याला आधी समजावून सांगा.

---

कागलकर_प्र

त्याच्याशी आज रात्री बोलतो. रिपोर्ट पाहिला, विसंगती नऊ ठिकाणी दाखवली आहे, पण नमुन्याच्या रकान्यात फक्त "केस" लिहिलंय, कुणाचे ते नाही. दवाखान्यांना नोटीस सोमवारी जाते. ती पाठवायला भावाची सही लागेल की वकीलपत्रावर भागेल? तो मार्चपर्यंत येणार नाही.

---

बावडा_वकील

नोटीस वकिलाच्या सहीने जाते, भावाने ईमेलवर सूचना दिल्या तरी पुरे. कैफियत आणि शपथपत्रावर मात्र त्याची सही लागेल. मस्कतच्या भारतीय दूतावासात ते शपथपत्र करता येतं, वेळ आधी घ्यावी लागते. वकीलपत्रही तिथूनच साक्षांकित करून मागवा, म्हणजे महिन्याभरातली तारीख चुकणार नाही.